मामांच्या डाळिंबातला ड्रीपर नेमका कुठला: कामाच्या नोंदी

८ नोव्हेंबर

सांगोल्याहून मामांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, काळी नळी, तिच्यावर चिखलात माखलेलं एक काळं बोंड, आणि खाली मेसेज की "असले ३०० पायजेत, पुण्यात बघून पाठव". फोन लावला तर कळलं की खालच्या चार ओळींत मागच्या बहारात फळं तडकली आणि वरच्या ओळींची झाडं मात्र कायम तहानलेली दिसतात, म्हणून मामांनी ठरवलंय की वरचे ड्रीपर चोकअप झालेत, ते बदलायचे. आंबे बहार धरायचाय, डिसेंबरात ताण देणार, म्हणजे जे काय पाणी सोडून तपासायचंय ते ह्याच महिन्यात उरकायला पाहिजे, ताण सुरू झाल्यावर व्हॉल्व्ह उघडता येणार नाही.

बाग एक एकर, १४ बाय १० वर लागण, १५ ओळी, ओळीत २० झाडं. ओळीला दोन नळ्या आणि झाडाला चार ड्रीपर. म्हणजे एका व्हॉल्व्हवर १२०० ड्रीपर झाले. त्यातले ३०० जर चुकीच्या लिटरचे बसले तर ती ३०० जागांपुरती अडचण राहत नाही, सगळ्या व्हॉल्व्हचं प्रेशर हलतं. म्हणून मामांना सांगितलं की आधी नीट फोटो पाठवा, मग ऑर्डर.

९ नोव्हेंबर

मामेभावाला फोटो कसे काढायचे ते सविस्तर लिहून पाठवलं, इथे पण ठेवतो कारण दर वेळी लागतं.

ड्रीपर नळीतून ओढून काढ, जुन्या टूथब्रशने धू, पांढऱ्या ताटात किंवा कागदावर ठेव. एक फोटो वरून, एक बाजूने म्हणजे नळीत घुसणारा काटा पूर्ण दिसेल असा, एक तळाचा. उघडणारा असला तर उघडून आतले सगळे तुकडे ओळीने मांडून अजून एक. मोबाईल अगदी चिकटवून धरू नको, हातभर लांबून झूम कर, जवळून काढलं की मधला भाग फुगतो आणि मापं फसतात. प्लास्टिकवरची उठावाची अक्षरं समोरून फ्लॅश मारला की गायब होतात, त्यासाठी बॅटरी एका बाजूने आडवी धर, तरी वाचता नाही आलं तर खडूची पूड चोळून वरून पुसून घे, खाचांत पांढरं राहतं आणि अक्षर उठून दिसतं. आणि फोटो साधा न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर व्हॉट्सॲप तो दाबून टाकतं आणि नेमकी बारीक अक्षरंच जातात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकच ड्रीपर नको, वरच्या, मधल्या आणि खालच्या ओळीतले वेगवेगळे काढ, आणि कुठला कुठला ते कागदावर लिहून शेजारी ठेव.

११ नोव्हेंबर

फोटो आले, चांगले आलेत. आणि पहिल्याच नजरेत दिसलं की बागेत दोन वेगळे ड्रीपर आहेत. उभ्याने बघितलं तर दोन्ही काळे, दोन्ही गोल, मातीत सारखेच दिसणार, पण बाजूच्या फोटोत एक उंच आहे आणि दुसरा चपटा.

वरच्या ओळीतला उंच आहे, त्याच्या डोक्याला पकडून फिरवायला कान आहेत, फिरवला की गाभा बाहेर येतो. गाभ्यावर नागमोडी खाचा आहेत, रबर कुठेच नाही. हा साधा उघडता येणारा ड्रीपर, बोलीभाषेत टर्बो किंवा चावीचा म्हणतात तो. पाणी त्या खाचांतून वळणं घेत येतं आणि तिथेच प्रेशर मरतं. नळीत प्रेशर जास्त असेल तर हा जास्त पाणी देतो, कमी असेल तर कमी.

खालच्या चार ओळींतला चपटा बटणासारखा. मामेभावाने पेचकसने त्याचं झाकण उचकटलंय, आत खाच असलेली चकती आणि तिच्यावर पातळ पांढरट सिलिकॉनचा पडदा. पडदा दिसला की विषय संपला, हा पीसी, म्हणजे प्रेशर वाढलं की पडदा दबून वाट अरुंद करतो आणि पाणी जवळपास तेवढंच ठेवतो. पडद्याशिवायचा फोटो आला असता तर नुसत्या आकारावरून मी पीसी म्हणालो नसतो, कारण चपट्या बटणातही साधे येतात.

आता लिटर. मामा फोनवर ठाम, "आरं ह्यो सात लिटरचा हाय, खाली ७ लिवलंय की". तळाच्या फोटोत ७ खरंच आहे. पण शेजारच्या, हुबेहूब तशाच ड्रीपरवर १२ आहे, आणि तिसऱ्यावर ३. एकाच ओळीतले, एकाच आकाराचे, आणि आकडे वेगळे, म्हणजे हे लिटर नाहीतच. साच्यात एका वेळी खूप नग निघतात, कुठला नग साच्याच्या कुठल्या खणातून आला ते कळावं म्हणून प्रत्येक खणाला नंबर असतो, तो प्लास्टिकवर उमटतो. म्हणून तर एका ड्रीपरचा फोटो कधी पुरत नाही. चार-पाच सारखे नग शेजारी ठेवले आणि आकडा बदलला तर तो खणाचा, सगळ्यांवर तोच राहिला तर कदाचित लिटरचा.

रंगाचं पण बोलून टाकतो कारण मामेभावाने विचारलंच, चपट्याच्या झाकणाखाली हिरवट कडा आहे मग त्यावरून नाही का कळत. रंगावरून अंदाज करता येतो, पण कंपनी माहीत असेल तरच. नेटाफिमच्या बटण ड्रीपरात लाल म्हणजे २ लिटर, आणि अमेरिकेतल्या रेनबर्डच्या बटणात लाल म्हणजे तासाला २ गॅलन, म्हणजे साडेसात लिटरच्या वर. एकच लाल रंग आणि पाण्यात जवळपास चौपट फरक. त्यात आपल्याकडच्या उन्हात चार-पाच वर्षांत रंग विटून सगळंच करडं होतं. हिरव्या कडेवरून मी कच्चं लिहून ठेवलंय "बहुतेक ८", पण मोजल्याशिवाय पक्कं नाही.

१२ नोव्हेंबर

नळीचं माप फोटोवरून काढलं. मामेभावाला १० रुपयांचं नाणं नळीशेजारी ठेवायला सांगितलं होतं, नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. नाणं जमिनीवर नको, खाली ढेकूळ किंवा काडेपेटी ठेवून नळीच्या मध्यापर्यंत उचलून घे असं बजावलं होतं, कारण नळीचा सर्वात रुंद भाग जमिनीपासून वर असतो आणि तो मोबाईलला जवळ पडतो, नाणं खाली राहिलं तर नळी आहे त्यापेक्षा जाड वाटते. स्क्रीनवर नाणं ५४० पिक्सेल, नळी ३२०. म्हणजे २७ गुणिले ३२० भागिले ५४०, बरोबर १६. बारा मिलिमीटरची असती तर २४० आली असती, इतका फरक असल्यामुळे १२ की १६ हे नाण्यावरून बिनधास्त ठरवता येतं.

ड्रीपरच्या काट्याचं माप मात्र नाण्यावरून काढायला गेलो नाही. तिथे अर्ध्या मिलिमीटरचा खेळ असतो, फोटोत तो पकडता येत नाही, त्याला व्हर्नियरच पाहिजे. पण एवढं दिसतंय की चपट्या पीसीचा काटा उंच ड्रीपरच्या काट्यापेक्षा जाड आहे. हे लक्षात ठेवायचं, पुढे भोकांच्या वेळी आडवं येणार.

अजून एक गोष्ट फोटोत दिसली, नवव्या ओळीत मध्येच एक चपटी, घडी पडलेली नळी जोडलीय आणि तिथला जॉइनर सायकलच्या ट्यूबने आवळून बांधलाय. ही पातळ नळी. आपल्या जाड लॅटरलमध्ये १६ म्हणजे बाहेरचा व्यास, आतली वाट १४च्या आतबाहेर. पातळ नळीत १६ म्हटलं तरी आतलीच वाट १६च्या आसपास असते. त्यामुळे जाड नळीचा जॉइनर तिच्यात ढिला बसतो आणि प्रेशर आलं की निसटतो, कितीही आवळा. तिथे एका बाजूला काटा आणि दुसऱ्या बाजूला फिरवून आवळायची रिंग असलेला जॉइनर लागतो, किंवा सरळ तो तुकडा काढून जाड नळी घालायची. मामांना दुसरं पटलं.

१५ नोव्हेंबर, सांगोला

आज प्रत्यक्ष मोजलं. सोबत नेलेलं सामान थोडंच, दुधाचं माप असतं तसं एक लिटरचं खुणांचं भांडं, एक जुना प्रेशर गेज आणि तो नळीच्या शेवटाला लावायला १६चा कनेक्टर. नळीचा एण्ड काढून गेज लावला.

आधी नेहमीसारखं पाणी सोडलं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी गेज ०.६ किलो. साध्या ड्रीपरवर कंपनी जो आकडा लिहिते तो १ किलो प्रेशरचा असतो, म्हणजे वरच्या ओळींना पाणी कमी पडतंय हे तिथेच दिसलं, चोकअप असो वा नसो.

मग चाचणीसाठी खालच्या चार ओळींच्या नळ्या सुरुवातीलाच मुरगळून सुतळीने बांधल्या. गेज लगेच ०.९वर गेला. चार ओळी बंद केल्यावर एवढं प्रेशर वाढतं म्हणजे त्या चार ओळी किती पाणी ओढत असतील ते मामांनाही गेजवर दिसलं, त्यांनी स्वतः एक नळी सोडून, बांधून परत बघितलं.

जुने ड्रीपर तसेच मोजून उपयोग नाही, इकडचं बोअरचं पाणी जड आहे, आत पांढरा क्षार धरलेला असतो आणि क्षार धरलेला ४चा ड्रीपर ३ दाखवणार. म्हणून आदल्या रात्री दोन्ही प्रकारचे थोडे ड्रीपर पातळ केलेल्या ॲसिडमध्ये बुडवून, धुवून ठेवायला सांगितले होते, ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, हे दोनदा सांगून. साधे ड्रीपर उघडून खाचांना फेस यायचा थांबेपर्यंत ठेवले. पीसीचा पडदा आम्ही फार वेळ ॲसिडमध्ये ठेवला नाही.

दुसऱ्या ओळीतल्या एकाच नळीवर दोन्ही प्रकार आलटून पालटून लावले, म्हणजे प्रेशर दोघांना तेच. खाली भांडं आणि घड्याळात ६ मिनिटं. सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग, त्यामुळे जेवढे मिलिलिटर येतील त्यातली शेवटची दोन शून्यं काढली की तासाचे लिटर मिळतात, ४०० आले तर ४ लिटर. घाई असेल तर ३६ सेकंदही चालतात, मग ४० मिलिलिटर म्हणजे ४ लिटर, पण तेवढ्या थोड्या पाण्यात भांड्याच्या खुणा नीट वाचता येत नाहीत, मला सहा मिनिटंच बरी वाटतात. पाणी नळीवरून ओघळून भलतीकडे जाऊ नये म्हणून ड्रीपरच्या दोन्ही बाजूंना नळीवर सुतळीचा वेढा दिला.

साधा ड्रीपर ०.९ किलोला सरासरी ३७५ मिलिलिटर. मग व्हॉल्व्ह आवळून गेज ०.५वर आणला, तर तोच २७०. पीसी ०.९ला ७९० आणि ०.५ला ७७५.

रात्री

हिशोब लिहून ठेवतो. दोन प्रेशरवर मोजलं की ड्रीपर प्रेशरला किती दबतो ते एका आकड्यात निघतं.

```
x = ln(q1/q2) / ln(h1/h2)

ln(375/270) / ln(0.9/0.5) = 0.56
ln(790/775) / ln(0.9/0.5) = 0.03
```

x अर्ध्याच्या जवळ असेल तर साधा खाचांचा, शून्याजवळ असेल तर पीसी. फोटोत उघडून जे दिसलं तेच आकडा सांगतोय, आणि पीसीचे पडदे अजून कामाचे आहेत हेही कळलं, कडक झालेल्या पडद्याचा आकडा असा शून्याजवळ येत नाही. साध्याचं १ किलोला किती होतं ते बघितलं, ३७५ला १/०.९च्या ०.५६ घाताने गुणलं की ३९८, म्हणजे तो ४ लिटरचा. पीसी ८ लिटरचा. हिरव्या कडेचा अंदाज ह्या वेळी बरोबर निघाला.

आता बागेचं दुखणं उलगडतं. खालच्या चार ओळींत ३२० ड्रीपर ८चे, तिथल्या झाडाला तासाला ३२ लिटर. वरच्या झाडांना ०.६ किलोवर प्रत्येक ड्रीपरचे ३ लिटर, म्हणजे झाडाला १२. एकाच व्हॉल्व्हवर, एकाच वेळात, खाली वरच्यापेक्षा अडीचपटीहून जास्त. वरची झाडं सुकली म्हणून मामा तास वाढवायचे, त्यात खालच्यांना अजून पाणी, आणि डाळिंबात ओल अशी एकदम कमी-जास्त झाली की साल तडकते. वरचे ड्रीपर फारसे चोकअप नाहीतच, त्यांना प्रेशर मिळत नाहीये. आणि सुरुवातीच्या मेसेजप्रमाणे वरचे ३०० ड्रीपर ८चे घातले असते तर बोअरचा पंप तेवढं पाणी देऊ शकला नसता आणि सगळीकडचं प्रेशर अजून बसलं असतं.

१६ नोव्हेंबर

मामांनी अनुदानाची फाईल काढली, तिच्यात बिल आणि आराखडा दोन्ही आहेत. ऑनलाईन ड्रीपर ४ एलपीएच, लॅटरल १६ मिमी. म्हणजे मुळात सगळी बाग ४चीच होती, खालच्या ओळी मर रोगाने गेल्यावर नवीन लागण केली तेव्हा मिळेल तो ड्रीपर आणून बसवला गेला. फाईल मी मुद्दाम शेवटी बघितली, कारण कागद बसवण्याच्या दिवसाचा असतो, आज रानात काय आहे ते कागदाला माहीत नसतं.

सगळीकडे पीसी ४चे घालावेत का ह्यावर मामांशी बरंच बोललो. चढ-उताराचं रान असतं तर हो म्हणालो असतो. १० मीटर उंचीला १ किलो प्रेशर, हे रान वरपासून खालपर्यंत जेमतेम १ मीटर उतरतं, म्हणजे ०.१ किलोचा फरक, पाण्यात ६-७ टक्के. नळ्या ६० मीटरच्या, ४० ड्रीपर म्हणजे एका नळीत तासाला १६० लिटर, त्यात घर्षणाने पाव मीटरच्या आसपास जातं, तेही नगण्य. मग वरच्या ११ ओळींतले चांगले ड्रीपर फेकून पीसीचा खर्च करायचं कारण नाही. शिवाय जड पाण्याच्या भागात चावीचा ड्रीपर उघडून घासता येतो ही मोठी सोय आहे.

ठरलं की खालच्या चार ओळींत तोच साधा ४चा, वर जे फुटलेत त्या जागी तोच. काढलेले ८चे पीसी बांधावरच्या नारळांना, पण वेगळ्या कॉकवर, ह्या व्हॉल्व्हवर नाही.

१८ नोव्हेंबर

दुकानात जुना ड्रीपर, नळीचा वीतभर तुकडा आणि काढलेला गाभा घेऊन गेलो. दुकानदाराने आधी "४चाच आहे, डोळे झाकून न्या" म्हणून दुसऱ्या कंपनीचा दाखवला. पाकिटावर १ किलोला ४ लिटर आणि आयएस १३४८७ छापलंय, ते ठीक, पण मी पहिल्यांदा दहाच घेतले. काटा नळीच्या तुकड्यात दाबून बघितला, ओढून बघितला, फिरवला तरी भोकातून निसटत नाही. जुना गाभा नव्या अंगात बसत नाही, म्हणजे सुटे भाग अदलाबदल होणार नाहीत, हे मामांना आधीच सांगितलं म्हणजे पुढे साफ करताना गोंधळ नको.

दहाही नग मामेभावाने त्याच नळीवर ०.९ किलोला मोजून कळवले, ३६५ ते ३९० मिलिलिटरच्या दरम्यान. जुन्यांचे ३७५. चांगलं जुळलं, मग बाकीची ऑर्डर दिली. सोबत जुनी भोकं बुजवायच्या डमी, त्या ड्रीपरच्या नगांपेक्षा थोड्या जास्तच, १६चे जॉइनर, आणि नवा पंच.

२३ नोव्हेंबर, सांगोला

बसवायचा दिवस. ८चे काढले तिथली भोकं जाड काट्याने मोठी झालीत, शिवाय वर्षानुवर्षं काटा आत असल्याने नळी तशीच ताणून बसलीय. नवा बारीक काटा त्यात दाबला की बसतो, पण पाणी सोडलं की काट्याच्या कडेने झिरपतं, आणि ते झिरपणं ४ लिटरपेक्षा जास्त असू शकतं. म्हणून त्या भोकांत ड्रीपर घालायचाच नाही, तिथे डमी ठोकायची, डमीचा काटा जाडच असतो, आणि ड्रीपरला चार बोटं सोडून नवीन भोक.

एक गडी खिळ्याने भोक पाडायला निघाला होता, त्याच्या हातात पंच दिला. खिळा प्लास्टिक फाडतो, भोकाला चीर जाते आणि ती चीर पुढे वाढत राहते. पंच गोल तुकडा कापून काढतो. पंच सरळ उभा धरायचा, तिरका गेला की भोक लांबट होतं, आणि जोर मोजून लावायचा, नाहीतर समोरची भिंतपण भोसकली जाते आणि खालचं भोक मातीत असल्याने दिसतसुद्धा नाही. भोकं सगळी नळीच्या वरच्या अंगाला घेतली, गाळ तळाशी राहतो तो ड्रीपरमध्ये कमी शिरतो. दुपारी नळ्या तापून मऊ पडल्या तेव्हा काम थांबवलं, मऊ नळीत पंच कसाही जातो. परत चारनंतर.

सगळं झाल्यावर एण्ड उघडून नळ्या एकेक करून धुतल्या, पंचाचे कापलेले गोल तुकडे नळीत पडलेले असतात, ते बाहेर आलेले दिसले. ते राहिले असते तर पहिल्याच दिवशी नव्या ड्रीपरच्या तोंडाशी जाऊन बसले असते.

२९ नोव्हेंबर

मामेभावाने मोजून पाठवलं. नेहमीचा व्हॉल्व्ह, सगळ्या ओळी चालू, दुसऱ्या ओळीच्या शेवटी गेज ०.७५. सहा मिनिटांत वर ३४०, मध्ये ३४५, खालच्या शेवटच्या ओळीत ३५५. म्हणजे वरच्या झाडाला तासाला १३.६ लिटर आणि खालच्याला १४.२.

१ किलो अजूनही मिळत नाही, पंप तेवढाच आहे, पण ते वेळेने भरून काढता येतं. मामांना ४० लिटर द्यायचे असतील तर ४ लिटरच्या हिशोबाने अडीच तास न धरता ३ तास धरा म्हणून सांगितलं. फिल्टरच्या आधी आणि नंतरच्या गेजमध्ये फरक किती आहे ते बघायला सांगितलंय, तिथे जास्त प्रेशर खाल्लं जात असेल तर जाळी धुतल्यावर ०.७५चं थोडं वर जाईल.

फाईलच्या आतल्या पानावर मामेभावाने लिहून ठेवलंय की वरच्या ११ ओळी जुना ४, खालच्या ४ ओळी नवा ४, गाभे अदलाबदल होत नाहीत, नळी १६ जाड. त्या कागदाला दोन्ही प्रकारचा एकेक ड्रीपर सुतळीने बांधलाय. नवव्या ओळीतला पातळ नळीचा तुकडा अजून तसाच आहे, जॉइनर आलेत, रविवारी बदलतो म्हणालाय.